घरमालकाकडून भाड्याच्या इतिहासाचे पत्र: गृहकर्जासाठी नेमके काय लिहून घ्यावे?

मुलुंडचा_रहिवासी

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी मुलुंड पूर्वेला एका वन बीएचके घरात जून २०१९ पासून सलग भाड्याने राहतो. आता डोंबिवलीला घर घेण्याचे ठरले असून ४५ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला आहे. मी आजवर एकही कर्ज काढलेले नाही, क्रेडिट कार्डही वापरलेले नाही. अर्जात ‘सध्याच्या पत्त्यावर ६ वर्षे’ असे लिहिले होते, परंतु सोबत फक्त चालू करार जोडला, जो जानेवारी २०२४ पासूनचा आहे. त्यामुळे बँकेने घरमालकाच्या सहीचे भाड्याच्या इतिहासाचे पत्र मागितले आहे.

वस्तुस्थिती अशी आहे. पहिला नोंदणीकृत करार १ जून २०१९ ते ३० एप्रिल २०२० असा ११ महिन्यांचा, भाडे २४,०००, अनामत १ लाख. त्यानंतर लॉकडाऊनमुळे नूतनीकरण राहून गेले. १ मे ते ३१ डिसेंबर २०२० हे ८ महिने करार नाही, पण आम्ही त्याच घरात होतो. दुसरा करार जानेवारी २०२१ पासून ३६ महिन्यांचा, भाडे २६,०००. तिसरा जानेवारी २०२४ पासून, पहिल्या वर्षी २९,००० आणि आता ५ टक्के वाढीने ३०,४५०.

अडचण दोन ठिकाणी आहे. मे ते ऑक्टोबर २०२० या ६ महिन्यांत काकांनी, म्हणजे घरमालकांनी, फोनवर सांगितल्यावरून मी २४ ऐवजी १८ हजारच पाठवले. आणि २०२३ पासून त्यांच्याच सांगण्यावरून भाडे त्यांच्या मुलीच्या खात्यात जमा होते. काका ७४ वर्षांचे असून सांगलीला राहतात. माणूस अतिशय सज्जन आहे, परंतु त्यांचा भाचा त्यांना सांगतो आहे की असे पत्र दिले तर भाडेकरू घर सोडणार नाही. पत्रात काय लिहून घ्यावे आणि काकांना काय सांगावे, हे कृपया सुचवावे.

पश्चिम_उपनगर

यात एवढे काय आहे? ५०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून नोटरीचा शिक्का मारून घ्या, की बँक मुकाट्याने स्वीकारते. माझ्या मेहुण्याने असेच केले होते. साध्या कागदावरच्या पत्राला कोणी विचारत नाही.

पोलीसपाटील_नाही

भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायची असते आणि ती घरमालकाने भरायची असते. ती पावती दिली की पुरे. आमच्या सोसायटीचे सचिव तर त्याशिवाय सामानाचा टेम्पोही आत घेऊ देत नाहीत.

मुलुंडचा_रहिवासी

पोलिसांकडची माहिती दर करारानंतर भरलेली आहे, परंतु बँकेने ती मागितलेली नाही. तिच्यातून भाडे वेळेवर भरले की नाही हे कळत नाही.

कर्जखात्यातला_निवृत्त

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात २२ वर्षे काम केले आहे. बँक हे पत्र का मागते ते आधी समजून घ्या, म्हणजे त्यात काय हवे ते आपोआप कळेल.

ज्याने पूर्वी कर्ज घेतले आहे त्याच्या परतफेडीची सवय क्रेडिट अहवालात दिसते. तुमच्या बाबतीत तो कागद कोराच आहे. अशा वेळी अधिकाऱ्यासमोर एकच पर्याय उरतो, तो म्हणजे हा माणूस दर महिन्याला दुसरी कोणती मोठी रक्कम ठरल्या वेळी भरतो का, हे पाहणे. तुमची रक्कम म्हणजे भाडे. आज तुम्ही ३०,४५० भरता. ४५ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी धरला तर साधारण ३९ हजारांच्या घरात जातो. ६ वर्षे भाडे न चुकता भरणारा माणूस आणखी आठ-नऊ हजार झेपवू शकेल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

म्हणून खरा पुरावा तुमचे खाते-उतारे आहेत. पत्राचे काम त्या उताऱ्यांतल्या ज्या नोंदी पाहून अधिकाऱ्याच्या कपाळावर आठी येईल, त्या समजावून सांगण्याचे आहे. ‘हे सद्गृहस्थ असून त्यांची वर्तणूक चांगली आहे’ असली पत्रे मी शेकडो पाहिली. ती फाइलला लागतात, परंतु निर्णयाला लागत नाहीत.

आता तुमचाच उतारा परक्या नजरेने पाहा. ११ महिने २४ हजार, मग अचानक ६ महिने १८ हजार, मग पुन्हा २४. अधिकारी काय समजेल? दरमहा ६ हजार थकले, एकूण ३६ हजारांची थकबाकी, आणि ती भरल्याची नोंद कुठेही नाही. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही पत्र देत आहात, नेमकी तीच गोष्ट उलटी दिसते. पत्रात बाकी काही नसले तरी चालेल, पण या ६ महिन्यांचे वाक्य हवेच.

नोटरीबद्दल वर कोणी लिहिले आहे ते अर्धे खरे आहे. काही शाखा मागतात, विशेषतः घरमालक दुसऱ्या गावी असेल तर. परंतु नोटरी सही कोणाची एवढेच पाहतो. मजकूर खरा आहे की नाही याची हमी त्याचा शिक्का देत नाही. आधी शाखेला विचारा आणि मागितले तरच त्या फंदात पडा. ७४ वर्षांच्या माणसाला सांगलीत नोटरीकडे पाठवले तर भाच्याचा संशय दुप्पट होईल.

पश्चिम_उपनगर

मेहुण्याकडे मागितले होते, म्हणून लिहिले. सरसकट लागत नाही हे मला माहीत नव्हते.

पार्लेकर_काकू

मी घरमालकांच्या बाजूने लिहिते. आमची एक जागा भाड्याने दिलेली आहे. भाच्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण आमच्या पिढीच्या मनात ही भीती उगाच बसलेली नाही. १९७३ साली सासऱ्यांनी गिरगावातली खोली एका ओळखीच्या गृहस्थांना ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली होती. त्या वर्षी कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. ती खोली आमच्या घराण्याला पुन्हा मिळाली नाही. ‘हे गृहस्थ आमच्याकडे ६ वर्षे सलग राहत आहेत’ असे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे म्हटले की आजही हात थरथरतो.

वकिलीण

काकूंचे म्हणणे इतिहास म्हणून अगदी बरोबर आहे. तो बदल जुन्या मुंबई भाडे कायद्यातला होता आणि त्या एका तारखेला चालू असलेल्या लायसन्सपुरता होता. आज महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा परत मागता येतो, आणि लेखी करारात जे लिहिले आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. पत्रामुळे नोंदणीकृत करार पुसला जात नाही.

तरीही पत्र कसे लिहिले आहे याला महत्त्व आहे. त्यात ‘भाडेकरू’, ‘भाडेपट्टा’ हे शब्द टाळावेत आणि करारात जे शब्द आहेत तेच वापरावेत. करार इंग्रजीत असेल तर ‘लायसेन्सी’, मराठीत असेल तर त्यातला जो शब्द असेल तो. प्रत्येक कालावधीसमोर त्या कराराचा दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहावी. ‘६ वर्षे सलग’ असे एका दमात न लिहिता तीन स्वतंत्र करारांखाली राहिले असे लिहिले, तर काकांची बाजूही सुरक्षित राहते आणि बँकेलाही ते अधिक उपयोगी पडते.

राहिले ते मधले ८ महिने. इथे भाच्याची शंका मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ‘त्या ८ महिन्यांत करार नव्हता’ असे पत्रात लिहिणे ही मालकाने स्वतःच्या सहीने दिलेली कबुली ठरते. प्रत्यक्षात त्यानंतर दोन नोंदणीकृत करार झाले, त्यांत राहणाऱ्याने आपण लायसेन्सी असल्याचे मान्य केले, आणि आता तर तो स्वतःच्या घरात जाण्यासाठी पत्र मागतो आहे. त्यामुळे मला धोका फारच कमी वाटतो. परंतु काकांनी त्यांच्या वकिलाला विचारायचे म्हटले तर त्यांना वेड्यात काढू नका.

तिरकस

मग ते ८ महिने पत्रात घेऊच नका की. पहिला करार, दुसरा करार, तिसरा करार. मधल्या दिवसांत हे कुटुंब बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहिले, असे समजेल बँक.

कर्जखात्यातला_निवृत्त

विनोद बाजूला ठेवला तरी असे करणारे लोक असतात, आणि ते हमखास पकडले जातात. पत्ता तपासायला जो मुलगा येतो तो शेजाऱ्यांना आणि वॉचमनला पहिला प्रश्न हाच विचारतो की हे किती वर्षांपासून राहतात. वॉचमन म्हणतो लॉकडाऊनच्या आधीपासून, पत्र म्हणते २०२१ पासून. फरक तुमच्या बाजूने असला तरी फाइलवर शेरा येतोच. पुष्कळदा घरमालकालाही फोन जातो. काकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाईत ‘असतील चार-पाच वर्षे’ म्हणून मोकळे होतील.

परदेशवारी

याच धाग्यात विचारते. मला बहिणीकडे लंडनला जायचे आहे, भेटीचा व्हिसा. एजंट म्हणतो की घरमालकाचे पत्र जोडा. आमचे घरमालक फक्त मराठीत लिहितात आणि आमचा करारही मराठीत आहे. चालेल का?

विमानतळ_रोड

चालेल, पण जसेच्या तसे नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर लागते. भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते आणि त्यावर तारीख, त्याचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. घरमालकांना इंग्रजी वाचता येत असेल तर पत्र इंग्रजीतच टंकून घ्या. वाचता येत नसेल तर त्यांच्याकडून न समजणाऱ्या कागदावर सही घेऊ नका, मराठी पत्र आणि भाषांतर असे दोन्ही जोडा.

भेटीच्या व्हिसासाठी हे पत्र सक्तीचे नाही. तुम्ही परत याल हे दाखवणाऱ्या कागदांपैकी ते एक आहे, आणि त्यात नोकरी व बँकेचे कागद जास्त बोलतात. आमचा अनुभव कॅनडाच्या कायमस्वरूपी निवासाच्या अर्जाचा आहे. तिथे मागच्या १० वर्षांचे सगळे पत्ते महिन्यानिशी, मध्ये खंड न ठेवता भरायचे असतात. मी एका जागेचा शेवट कराराच्या तारखेप्रमाणे भरला, पण प्रत्यक्षात आम्ही दीड महिना आधीच घर सोडले होते. घरमालकिणीने पत्रात खरी तारीख लिहिली आणि माझ्या अर्जातच दोन घरे एकाच वेळी दिसू लागली. करारावरची तारीख आणि राहिल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळले.

चाळकरी

भाडेपावत्या घेतल्या नव्हत्या का? आमच्या पागडीच्या खोलीची ४० वर्षांची पावती-पुस्तके आईने ट्रंकेत जपून ठेवली आहेत. मालकाने पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे.

वकिलीण

पावती देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु ६ वर्षांचा इतिहास एका पत्रात लिहून द्यावा असे कोणत्याही कलमात नाही. मालकाने नाही म्हटले तर त्यांच्यावर सक्ती करता येणार नाही. म्हणूनच मजकूर असा हवा की नाही म्हणण्याचे कारणच उरू नये.

मुलुंडचा_रहिवासी

सर्वांचे आभार. दोन दिवसांत बरेच घडले, ते सविस्तर लिहितो.

पहिल्या कराराची प्रत माझ्याकडे नव्हती. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्त क्रमांक टाकून इंडेक्स टू शोधला. दस्त क्रमांक २०१९ च्या पोलीस पडताळणीच्या अर्जात सापडला, त्यामुळे ‘पोलीसपाटील_नाही’ यांचेही आभार. संकेतस्थळावरचा आकडे-अक्षरांचा कोड पहिल्यांदा बरोबर टाकला तरी नवा येतो आणि पुन्हा टाकावा लागतो. मी तीन वेळा आपलेच चुकले असे समजून डोळे ताणत बसलो होतो.

खरा पेच निराळाच निघाला. काकांच्या भाच्याचा फोन आला. तो म्हणाला की ३६ हजार अजून येणे आहे आणि घर सोडताना ते अनामतीतून कापले जातील, त्यामुळे ‘थकबाकी नाही’ असे काका लिहून देणार नाहीत. मी जुना मोबाइल काढला. मे २०२० मधला काकांचा व्हॉट्सॲप संदेश जसाच्या तसा असा आहे: ‘सध्या अठरा पाठवा. बाकीचे नंतर बघू. तब्येतीला जपा.’

मी याचा अर्थ सूट असा घेतला होता. आता पुन्हा वाचतो तेव्हा माझी मलाच खात्री वाटत नाही.

पार्लेकर_काकू

‘नंतर बघू’ म्हणजे आमच्या भाषेत ‘जाऊ द्या’. ज्याला पैसे हवे असतात तो ‘नंतर द्या’ म्हणतो.

तिरकस

काकू, हाच न्याय मी माझ्या उधारीला लावू का?

वकिलीण

संदेश दोन्ही बाजूंनी वाचता येतो, म्हणून त्यानंतर काय घडले ते पाहावे लागेल. नोव्हेंबरमध्ये भाडे पुन्हा २४ हजार झाले तेव्हा फरकाची मागणी झाली होती का? आणि जानेवारी २०२१ च्या करारात अनामतीचे कलम काय म्हणते?

मुलुंडचा_रहिवासी

मागणी कधीच झाली नाही. दुसऱ्या करारात ‘पूर्वी दिलेली १,००,००० रुपयांची अनामत पुढे चालू राहील व मुदतीअंती परत केली जाईल’ असे आहे. तिसऱ्या करारातही तेच वाक्य आहे.

वकिलीण

मग तुमची बाजू बळकट आहे. ३६ हजार येणे असते तर अनामत पूर्ण रकमेने पुढे नेताना त्याचा उल्लेख झाला असता, आणि तो दोनदा झालेला नाही. शिवाय थकलेल्या भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. शेवटचा कमी हप्ता ऑक्टोबर २०२० चा, आणि कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ अखेरपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला असला, तरी ती २०२५ च्या सुरुवातीलाच संपली. एक सावधगिरी मात्र बाळगा. भाच्याला शांत करण्याच्या भरात ‘नंतर देईन’ असे लेखी लिहून देऊ नका, कारण मुदत उलटलेल्या देण्याबद्दलही लेखी वचन दिले तर ते नव्याने अंगावर येऊ शकते.

मुदतीचा मुद्दा तुमच्यापुरता ठेवा. काकांना तो ऐकवलात तर पत्र विसरा.

कर्जखात्यातला_निवृत्त

सहमत. बँकेच्या दृष्टीने ३६ हजार कोणाचे हा प्रश्नच नाही. कमी रक्कम दोघांच्या संमतीने दिली गेली की एकाने बुडवली, एवढेच तिला हवे आहे. ‘थकबाकी नाही’ या दोन शब्दांवर अडून बसू नका. ‘परस्पर संमतीने’ हे दोन शब्द मिळाले तरी तुमचे काम होते.

मजकूर मी असा करीन. पाहा पटतो का.

‘माझ्या मालकीची (पूर्ण पत्ता) येथील सदनिका श्री. … यांना पुढील नोंदणीकृत करारांन्वये लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर राहण्यास दिलेली आहे. दस्त क्रमांक …, कालावधी १ जून २०१९ ते ३० एप्रिल २०२०, दरमहा २४,००० रुपये. दस्त क्रमांक …, कालावधी १ जानेवारी २०२१ ते ३१ डिसेंबर २०२३, दरमहा २६,००० रुपये. दस्त क्रमांक …, कालावधी १ जानेवारी २०२४ पासून, सध्या चालू, दरमहा २९,००० रुपये व २०२५ मध्ये ३०,४५० रुपये. १ मे ते ३१ डिसेंबर २०२० या काळात टाळेबंदीमुळे कराराचे नूतनीकरण लांबले. त्या काळातही ते लायसेन्सी म्हणूनच सदर सदनिकेत राहत होते. मे ते ऑक्टोबर २०२० या सहा महिन्यांसाठी परस्पर संमतीने दरमहा १८,००० रुपये स्वीकारण्यात आले. इतर सर्व महिन्यांची रक्कम वेळेवर मिळालेली आहे. २०२३ पासून माझ्या सूचनेनुसार रक्कम माझ्या मुलीच्या बँक खात्यात जमा केली जाते. हे पत्र श्री. … यांच्या विनंतीवरून केवळ गृहकर्जाच्या अर्जासोबत जोडण्यासाठी दिले असून त्यामुळे वरील करारांच्या अटींत कोणताही बदल होत नाही.’

खाली तारीख, सही, दूरध्वनी. आधारची प्रत जोडू नका, मागितलीच तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या. आणि ‘वेळेवर’ लिहिण्याआधी तुमचे उतारे एकदा तपासा. एखाद्या महिन्यात भाडे १८ तारखेला गेले असेल तर तो शब्द काढा.

वकिलीण

शेवटचे वाक्य अगदी योग्य आहे, काकांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘लायसेन्सी म्हणूनच’ हेही बरे झाले. मुलीच्या खात्याच्या वाक्याबद्दल मात्र मला थोडी धाकधूक आहे. घर काकांच्या नावावर आहे, म्हणजे भाड्याचे उत्पन्न कराच्या दृष्टीने त्यांचेच, पैसे कोणाच्याही खात्यात जावोत. त्यांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवले असेल तर काहीच प्रश्न नाही.

सुट्टे_पैसे

आणि दाखवले नसेल तर? बहुतेक ज्येष्ठ मंडळी दाखवत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. रहिवासी साहेब घरभाडे भत्त्यासाठी कंपनीत कोणाचा पॅन देतात? वर्षाला १ लाखाच्या वर भाडे असेल तर मालकाचा पॅन द्यावाच लागतो. काकांचा दिला असेल तर पत्र असो वा नसो, माहिती तिकडे पोहोचलेलीच आहे.

मुलुंडचा_रहिवासी

पहिल्यापासून काकांचाच पॅन देतो, तोही त्यांनीच दिला होता. त्यांच्या विवरणपत्राची चौकशी मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही.

चाळकरी

माझे मत विचाराल तर १८ हजार काकांच्या हातावर ठेवा, निम्मे-निम्मे, आणि विषय संपवा. ६ वर्षे ज्याच्या घरात राहिलात त्याच्याशी मुदतीच्या भाषेत बोलू नये.

मुलुंडचा_रहिवासी

रविवारी सकाळच्या गाडीने सांगलीला जाऊन आलो. फोनवर हे बोलणे बरे दिसले नसते.

काकांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला. भाचा शेजारीच बसला होता. मी संदेश दाखवला आणि म्हणालो की तुमच्या मनात तेव्हा काय होते ते तुम्हीच सांगा, फरक देणे असेल तर मी देतो. काका म्हणाले, ‘मलाही नीट आठवत नाही. पण त्या वर्षी तुमचा पगार कापला गेला होता ना?’ मी हो म्हणालो. त्यांनी ‘परस्पर संमतीने’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारली आणि ‘हे बरोबर आहे’ म्हणाले. ‘वेळेवर’ हा शब्द मीच काढला होता, कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडे ११ दिवस उशिरा गेल्याचे उताऱ्यात दिसले. त्याऐवजी ‘मिळालेली आहे’ एवढेच ठेवले.

निघताना चाळकरी यांनी सुचवल्याप्रमाणे १८ हजारांचे पाकीट पुढे केले. काकांनी ते परत माझ्याकडे सरकवले. भाच्याची नजर मात्र पाकिटावरून हलत नव्हती.

मुलीच्या खात्याचे वाक्य भाच्याने खोडायला लावले. त्यामुळे बँकेत पत्र दिले तेव्हा अपेक्षित तेच झाले. अधिकाऱ्याने मधले ८ महिने आणि कमी भाडे यांबद्दल काहीही विचारले नाही, ते वाक्य वाचून त्याने मान डोलावली. परंतु २०२३ नंतरच्या नोंदींवर बोट ठेवून ‘या बाई कोण?’ असे विचारले. आता मुलीकडून दोन ओळींचे वेगळे पत्र आणावे, की काकांकडून पुरवणी घ्यावी?

कर्जखात्यातला_निवृत्त

मुलीचे पत्र चालायला हवे. ‘अमुक सदनिकेचे भाडे माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून माझ्या खात्यात स्वीकारते’ एवढेच, आणि वडिलांचे नाव असलेला तिचा कोणताही एक ओळखपत्राचा कागद.

वकिलीण

मी काकांच्या पुरवणीच्या बाजूने आहे. मुलगी या करारात कुठेच नाही, तिच्याकडून भाडे स्वीकारल्याचे लेखी घेणे मला प्रशस्त वाटत नाही. काकांनी एका ओळीत ‘माझ्या वतीने’ असे लिहावे.

मुलुंडचा_रहिवासी

मुलीलाच फोन केला. ती म्हणाली, बाबांना विचारून सांगते, आणि दादाला, म्हणजे त्या भाच्याला, यातले काही कळवू नका.